तळहाताचे हाड मोडले आहे: किती वाक चालतो, पीळ कसा ओळखायचा आणि बोट बांधून कधी भागते?

भिंतीवर मूठ मारली, दुचाकीवरून हातावर पडले, कबड्डीत पकड करताना बोट मुरगळले, अशा कारणांनी तळहाताचे हाड मोडलेले रुग्ण हाडांच्या ओपीडीत रोज दिसतात. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ते इथे घेतले आहेत. अंगठ्याच्या हाडाचे नियम निराळे असल्याने तो इथे नाही. उरलेल्या चार बोटांच्या हाडांची मान आणि दांडा यांच्या फ्रॅक्चरबद्दलच हे लिहिले आहे.

बोट दुखत नाही, तळहात दुखतो. मग मोडलंय नक्की काय?

प्रत्येक बोटामागे तळहातात एक लांब हाड असते. मनगटाकडचा त्याचा भाग म्हणजे बुंधा, मधला सरळ भाग दांडा, आणि पुढे मूठ वळल्यावर उंचवटा होऊन वर येते ते डोके. डोके आणि दांडा जिथे जुळतात तो अरुंद भाग म्हणजे मान. मूठ मारताना सगळा जोर डोक्यावर येतो आणि हाड मानेत मोडते. यात करंगळीच्या हाडाची मान सर्वांत जास्त वेळा सापडते. त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, पण सरावलेला मुष्टियोद्धा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या रेषेत ठोसा मारतो. करंगळीचे हाड मोडते ते रागाच्या भरात दारावर हात आपटणाऱ्याचे.

दांडा वेगळ्या तऱ्हेने मोडतो. थेट मार बसला तर आडवा मोडतो, बोट पिरगळले तर तिरका किंवा मळसूत्रासारखा. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

एक्स-रेत हाड चक्क वाकलेले दिसते आणि डॉक्टर म्हणतात चालेल. हे कसे चालेल?

चालते, पण कोणत्या बोटाचे हाड आहे त्यावर. तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडे मनगटापाशी जवळजवळ घट्ट बसवलेली असतात. अनामिकेचे हाड तिथे थोडे हलते आणि करंगळीचे बरेच, साधारण 20 ते 30 अंश. हात मोकळा ठेवून स्वतःच्या करंगळीमागचे हाड दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून वरखाली करून पाहा, मग तर्जनीमागचे करून पाहा. फरक लगेच हाताला कळतो.

मान मोडली की तळहातातले छोटे स्नायू डोक्याला तळव्याच्या बाजूला ओढतात, त्यामुळे हाडाची कमान हाताच्या पाठीकडे होते. करंगळीचे हाड बुंध्याशी हलते म्हणून तो हात ही कमान सांभाळून घेतो: बोट पूर्ण उघडते, पूर्ण मिटते, पकडही येते. तेवढाच वाक तर्जनीला आला तर सांभाळून घ्यायला जागाच नसते. डोके तळव्यात खाली उतरते आणि हातोडी, कुदळ किंवा गाडीचे हँडल धरले की ते आत टोचत राहते.

मग किती अंशांपर्यंत चालते?

ग्रंथांमध्ये आकडे थोडे वेगवेगळे आहेत, पण मानेच्या फ्रॅक्चरसाठी ढोबळ मर्यादा अशी धरतात: तर्जनी आणि मधल्या बोटाला 10 ते 15 अंश, अनामिकेला 30 ते 40, करंगळीला 50 च्या आसपास. करंगळीच्या बाबतीत 70 अंशांपर्यंतच्या फ्रॅक्चरलाही न बसवता, बोट नुसते बांधून आणि लवकर हलवून चांगले परिणाम मिळाल्याचे अभ्यास आहेत. तरी 50 च्या पुढे गेल्यावर मी रुग्णाशी सविस्तर बोलतो. तळव्यात उतरलेल्या डोक्याची गाठ त्याच्या कामात आड येणार आहे का, हे तोच सांगू शकतो.

दांड्याला मात्र सूट कमी. दांडा मधोमध वाकला की डोके मानेच्या फ्रॅक्चरपेक्षा जास्त खाली उतरते, कारण मोडीपासून डोक्यापर्यंतची लांबी जास्त असते. म्हणून तर्जनी आणि मधल्या बोटाला 10 अंशांच्या आसपास, अनामिकेला 20, करंगळीला 30 असे धरून चालतात. काही जण शेवटच्या दोन बोटांना आणखी 10 अंशांची मोकळीक देतात.

या आकड्यांच्या जोडीला एक तपासणी हवीच. रुग्णाला बोटे पूर्ण सरळ करायला सांगायचे. वाक जास्त असेल तर मुळाचा सांधा मागे झुकतो आणि मधला सांधा सरळ होत नाही, बोट पंज्यासारखे दिसते. हे दिसले तर एक्स-रेवरचा कोन मर्यादेत असला तरी मी तो वाक चालणारा मानत नाही.

एका डॉक्टरांनी 35 अंश सांगितले, दुसऱ्यांनी 50. कोण चुकले?

बहुधा कोणीच नाही. करंगळीच्या हाडाची मान मुळातच साधारण 15 अंश पुढे झुकलेली असते. एकाने एक्स-रेवर दिसणारा पूर्ण कोन सांगितला असेल, दुसऱ्याने त्यातून हा निसर्गाचा झुकाव वजा केला असेल. त्यामुळे आकडा ऐकताना तो वजाबाकी करून सांगितला आहे का, हे विचारा.

दुसरे कारण एक्स-रेच्या कोनाचे. हाताचा तिरका एक्स-रे फ्रॅक्चर शोधायला चांगला, पण वाक मोजायचा तो अगदी बाजूने काढलेल्या एक्स-रेवर. बाजूच्या चित्रात चारही हाडे एकावर एक येतात, म्हणून मोजायला त्रास होतो आणि एकच फिल्म दोघांनी मोजली तरी दहा-एक अंशांचा फरक पडू शकतो. 45 आणि 50 मध्ये निर्णय फिरवू नये, तो याच कारणासाठी.

वाक चालतो, तर मग न चालणारे काय?

पीळ. हाडाचा पुढचा तुकडा स्वतःच्या आसाभोवती फिरला तर त्याला मी पीळ म्हणतो. वाक सांभाळून घ्यायला बुंध्याचा सांधा असतो, पण पीळ सांभाळून घेणारा सांधा तळहातात नाही. हाड वाढत्या वयाच्या मुलाचे असले तर वाक काळानुसार बराच सरळ होतो, पण पीळ जवळजवळ सुटत नाही.

आणि पीळ लपतो. बोट सरळ असताना ते हाडाच्याच रेषेत असते, त्यामुळे हाड फिरले तरी टोक जागचे फारसे हलत नाही. मूठ वळली की बोट त्या आसाला काटकोनात येते आणि तोच थोडासा पीळ टोकाशी मोठा होतो. हाडात 5 अंशांचा पीळ असेल तर मुठीत बोट शेजारच्या बोटावर सुमारे दीड सेंटीमीटर चढू शकते, असे शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत दिलेले असते. 5 अंश साध्या एक्स-रेवर डोळ्याला दिसत नाहीत. दोन तुकड्यांची जाडी वेगळी दिसणे हा एक सुगावा असतो, पण तो असेलच असे नाही. म्हणून ज्या हाताला फक्त एक्स-रेवरून ‘किरकोळ आहे’ म्हटले गेले आणि मूठ वळवून पाहिलीच नाही, त्याची तपासणी अपुरी झाली आहे.

पीळ तपासायचा कसा?

दोन्ही हात समोर, तळवे वर. आधी बोटे अर्धवट वाकवून नखांकडे टोकाकडून पाहायचे. चारही नखे साधारण एका ओळीत, चांगल्या हाताच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दिसायला हवीत. एखादे नख कलंडलेले असेल तर शंका घ्या.

मग बोटे हळूहळू मुठीत मिटायची. मनगटाच्या घडीवर, अंगठ्याच्या बाजूला, एक हाडाचा बारीक उंचवटा लागतो. मिटताना सगळ्या बोटांची टोके साधारण त्याच दिशेने वळतात. मोडलेल्या हाडाचे बोट ती दिशा सोडून शेजारच्या बोटावर चढत असेल, त्याच्याखाली शिरत असेल किंवा त्याच्यापासून फाकत असेल, तर पीळ आहे. दुसऱ्या हाताशी तुलना टाळू नका. काही लोकांची करंगळी जन्मापासून अनामिकेवर थोडी चढते आणि ते दोन्हीकडे सारखे असते.

सूज इतकी आहे की मूठच वळत नाही. मग?

मग दोन मार्ग आहेत. पहिला अगदी सोपा: तपासणाऱ्याने रुग्णाचे मनगट हळूच मागे झुकवायचे. तसे केले की स्नायूंच्या ताणाने बोटे आपोआप थोडी मिटतात आणि त्यांची दिशा दिसते. रुग्णाला जोर लावावा लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे मनगटापाशी लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन हात बधिर करायचा आणि मग मूठ वळवायला लावायची. त्याने खरी हालचाल दिसते.

एवढे करूनही नक्की सांगता आले नाही तर हात उंच ठेवून, सूज ओसरल्यावर चार-पाच दिवसांत पुन्हा तपासायचे. ही दुसरी भेट चुकवू नका. पंधरा दिवसांनी पीळ लक्षात आला तर हाड चिकटायला लागलेले असते आणि सोपे काम अवघड होते.

बोट शेजारच्या बोटाला बांधून हाड कसे धरले जाणार?

वाक धरून ठेवण्याचे काम ही पट्टी करत नाही, आणि हे आधी कळलेले बरे. बडी स्ट्रॅपिंगमध्ये दुखरे बोट शेजाऱ्याबरोबर मिटते-उघडते, त्यामुळे ते भरकटत नाही आणि कडक होत नाही. आज नसलेला पीळ उद्या येऊ नये याला तिचा हातभार लागतो. मात्र आधीच आलेला पीळ तिने सुधारत नाही. मुठीत चढणारे बोट बांधून टाकले की फक्त दिसायचे बंद होते, आणि मग तेच बोट सहा आठवड्यांनी तसेच जुळलेले सापडते. हे पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण ते टाळता आले असते.

बांधायची पद्धत: करंगळी अनामिकेला, अनामिका मधल्या बोटाला, तर्जनीही मधल्या बोटाला. दोन बोटांमध्ये गॉजची पातळ घडी ठेवायची, नाहीतर घामाने कातडी पांढरी पडून सोलते. साधारण दीड सेंटीमीटर रुंदीच्या दोन चिकटपट्ट्या घ्यायच्या. एक मुळाच्या पेराभोवती, दुसरी मधल्या पेराभोवती. सांधे उघडे राहायला हवेत. पट्टी लावून मूठ वळवून पाहा. टोके निळी पडत असतील किंवा मुंग्या येत असतील तर ती घट्ट आहे. भिजली की बदलायची आणि गॉज रोज नवा. तीन ते चार आठवडे पुरतात, आणि पहिल्या दिवसापासून दिवसातून अनेकदा बोटे पूर्ण मिटायची-उघडायची. न हलवता नुसती पट्टी ठेवली तर तिचा अर्धा उपयोग वाया जातो.

प्लास्टर नको? हाड ओढून बसवायला नको?

करंगळीच्या मानेचे साधे, बंद फ्रॅक्चर असेल, पीळ नसेल आणि वाक मर्यादेत असेल, तर बहुतेकदा दोन्ही नकोत. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2005 च्या आढाव्यात अशा फ्रॅक्चरच्या निरनिराळ्या बिनशस्त्रक्रिया उपचारांची तुलना झाली आणि कोणताच उपचार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. अभ्यास छोटे होते हे खरे. पण नंतरच्या चाचण्यांचा कलही तोच राहिला: बसवून प्लास्टर घातलेल्यांच्या आणि बोट बांधून हलवलेल्यांच्या हाताच्या कामात पुढे फरक उरत नाही.

बसवण्याची अडचण अशी की ते टिकत नाही. बोट मुळाशी काटकोनात वाकवून, पेराने डोक्याला वर ढकलून हाड सरळ करता येते. ही 1938 मध्ये जॅसने सांगितलेली पद्धत. पण मानेचा तळव्याकडचा भाग चुरलेला असतो, त्याला टेकू उरत नाही, आणि प्लास्टरमध्येच वाक बराचसा परत येतो. बसवताना बोट ज्या स्थितीत धरतात त्याच स्थितीत प्लास्टर घालणे तर चूकच: सांध्यावरची कातडी दाबाने मरू शकते आणि मधला सांधा कडक होतो.

दुखणे जास्त असेल, दांडा मोडला असेल किंवा काम हात सांभाळून करण्यासारखे नसेल, तर तीन-चार आठवडे स्लॅब, म्हणजे एका बाजूचे अर्धे प्लास्टर, ठीक आहे. त्यात मनगट 20-30 अंश मागे, मुळाचे सांधे 70 ते 90 अंश वाकलेले आणि पुढचे दोन्ही सांधे सरळ हवेत. मुळाचा सांधा सरळ ठेवून घातलेल्या स्लॅबमध्ये त्याच्या बाजूचे बंध आखडतात आणि महिन्याने मूठ वळत नाही. तुमचा स्लॅब सपाट फळीसारखा असेल तर विचारा.

शस्त्रक्रिया कधी, आणि कसली?

पीळ असेल आणि बंद पद्धतीने बसवून टिकत नसेल, उघडी जखम असेल, एकापेक्षा जास्त हाडे मोडली असतील, सांध्यात भेग गेली असेल, किंवा वाक त्या बोटाच्या मर्यादेपलीकडे असेल, तेव्हा. हाड आखूड होणे हेही एक कारण. दर 2 मिलिमीटर आखूड झाल्यावर बोट सरळ करण्यात साधारण 7 अंशांची तूट येते. थोडी तूट मुळाचा सांधा भरून काढतो, म्हणून 5 मिलिमीटरच्या आसपास रेघ ओढली जाते.

मानेला आणि आडव्या मोडीला बहुधा कातडीतून घातलेल्या बारीक तारा पुरतात, त्या तीन-चार आठवड्यांनी ओपीडीतच काढतात. मोडीची लांबी हाडाच्या जाडीच्या दुप्पट किंवा जास्त असेल, तर दोन-तीन छोटे स्क्रू उत्तम बसतात. प्लेट सर्वांत भक्कम, पण तिच्यासाठी कातडी आणि बोट उघडणारे स्नायुबंध बाजूला करावे लागतात. ते प्लेटला चिकटले तर हाड सुंदर जुळूनही बोट कडक राहते. तारेच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होऊ शकतो. ‘प्लेट टाकून मोकळे व्हा’ हा सल्ला करंगळीच्या साध्या मानेला मी देत नाही.

एखादे उदाहरण द्याल?

दोन घेऊ, कारण त्यांतला विरोधच शिकवतो.

बावीस वर्षांचा तरुण, भिंतीवर मूठ मारलेली. करंगळीची मान मोडली आहे, बाजूच्या एक्स-रेवर 50 अंश, म्हणजे मूळ झुकाव वजा करता सुमारे 35. एक्स-रे पाहून आई घाबरली आहे. जखम नाही. मूठ वळवल्यावर करंगळीचा उंचवटा नाहीसा झालेला दिसतो, पण बोट कुठेही चढत नाही, नखे ओळीत आहेत, बोट पूर्ण सरळ होते. करंगळी-अनामिका बांधली. आठवड्याने पुन्हा मूठ आणि एक्स-रे पाहिले, फरक नाही. चार आठवड्यांनी पट्टी काढली, सहा आठवड्यांनी वजन उचलायला परवानगी. उंचवटा परत येणार नाही हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते, त्यामुळे पुढे तक्रार नाही.

अडतीस वर्षांच्या बाई, स्कूटरवरून पडलेल्या. अनामिकेचा दांडा मळसूत्रासारखा मोडला आहे. वाक जेमतेम 8 अंश, आखूडपणा 3 मिलिमीटर. बोटे सरळ ठेवली तर हात अगदी नीट दिसतो आणि एक्स-रे पहिल्याच्या तुलनेत कितीतरी बरा. हात बधिर करून मूठ वळवली तर अनामिका करंगळीच्या खाली शिरते. इथे बोट बांधणे किंवा नुसता स्लॅब यांनी काम बिघडले असते. मोड लांब असल्यामुळे हाड बसवून दोन स्क्रू घातले, टेबलावरच मनगट मागे झुकवून बोटांची दिशा पुन्हा पाहिली, आणि काही दिवसांत हालचाल सुरू केली.

मुठीच्या उंचवट्यावर छोटीशी जखम आहे. मलम लावले तर चालेल?

मूठ कोणाच्या तोंडावर लागली होती का, हे लाजू नका, खरे सांगा. दाताने झालेली अर्ध्या सेंटीमीटरची जखम थेट सांध्यात उतरलेली असू शकते. मूठ उघडली की कातडी सरकते आणि आतले भोक झाकले जाते. तोंडातले जंतू सांधा दोन-तीन दिवसांत नासवतात. ही जखम घरी शिवायची किंवा झाकायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयात धुऊन घ्यायची, प्रतिजैविके सुरू करायची आणि टिटॅनसचे इंजेक्शन तपासायचे. कोन आणि पीळ यांचा विचार त्यानंतर.

सहा आठवडे झाले, एक्स-रेत भेग अजून दिसते. पुन्हा प्लास्टर?

नाही. या हाडांची भेग एक्स-रेवर भरायला बरेच जास्त आठवडे लागतात. मोडीच्या जागी दाबून दुखत नसेल आणि हाड हलत नसेल तर ते कामापुरते जुळले आहे. हलकी कामे तीन-चार आठवड्यांनी, जड काम सहा आठवड्यांनी, कबड्डी किंवा कुस्ती सहा ते आठ आठवड्यांनी आणि तीही मूठ पूर्ण वळत असेल तरच. दुखऱ्या जागी जोराने मालीश मात्र या काळात नको.

हाड पीळ घेऊनच जुळले आहे. आता काही होईल?

होईल. जुळलेले हाड पुन्हा कापून, फिरवून, प्लेटने बसवता येते. हे काम हातावर शस्त्रक्रिया करण्याचा सराव असलेल्या सर्जनकडेच करावे, आणि त्याआधी फिजिओथेरपीने सांधे पूर्ण मोकळे करून घ्यावेत. कडक बोटावर पीळ किती उरला आहे हे नीट मोजताच येत नाही.